देव निजायच्या आधी

आमची हरिणी दिवसभर बोलते. शाळेत बोलते, रिक्षात बोलते, माझ्या शिलाई मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलते. पण रात्री ब्रश हातात घेतला की हीच पोरगी ओठ असे घट्ट दाबून धरायची, की अय्यो, मला वाटायचं हिला उद्या शाळेत नाव तरी सांगता येईल का! मी ओरडायची, ती रडायची. रडताना तोंड उघडायचं, मग मी पटकन ब्रश आत घालायची, की ती चावायची. ब्रशला हो, मला नाही. एकदा मलाही चावली होती म्हणा.

म्हैसूरच्या अग्रहारात आमचं शिलाईचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. आम्ही शिंपी, आणि पंढरीचा विठोबा आमचा देव. सासऱ्यांच्या आज्यापासून आम्ही इथलेच. घरात मराठी बोलतो, पण रागावलो की कन्नड आपोआप बाहेर येतं. म्हणजे माझं बरंचसं कन्नडच. माझे सासरे रंगराव, मी त्यांना मामंजी म्हणते, हरिणी त्यांना ताता म्हणते. त्यांनी आयुष्यभर कोट शिवले. आता नजर कमी झाली म्हणून बटणं लावतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. नवरा श्रीहर्ष, म्हणजे हरिणीचा अप्पा, मेटगळ्ळीला कारखान्यात, दुपारची पाळी. म्हणजे संध्याकाळ आणि त्यानंतरची सगळी लढाई माझ्या एकटीच्या अंगावर.

पहिलीत असताना हिची एक दुधाची दाढ किडून गाल सुजला होता. ताप आला. ती दाढ काढावी लागली. त्या दिवशी ती जी किंचाळली, ते अजून माझ्या कानात आहे. तरीही मी मनाला समजावलं, दुधाची होती, तशीही पडणारच होती. मग दुसरीत गेल्यावर शाळेत दातांची तपासणी झाली आणि चिठ्ठी आली, दवाखान्यात दाखवा.

डॉक्टर सहाना म्हणून आहेत, तरुण आहेत, हसतमुख. त्यांनी हरिणीला खुर्चीवर बसवलं, आधी खुर्ची नुसती वरखाली करून दाखवली, आरशात तिचे दात मोजायला लावले. मग खालच्या डाव्या बाजूला सगळ्यात मागची दाढ हवेनं सुकवली आणि मला जवळ बोलावलं. दाढेवर खडूनं पुसट रेघ मारावी तसा पांढरा डाग होता.

"हीपण पडेलच ना?" मी विचारलं.

"नाही पडणार. ही पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास मागून गुपचूप येते, कुठलाच दात न पाडता. म्हणून सगळ्यांना दुधाचीच वाटते. ही तिला आयुष्यभर वापरायची आहे."

आली कधी, आणि किडायलाही लागली? त्या म्हणाल्या, अजून भोक पडलेलं नाही. वरचा थर अजून शाबूत आहे, आतून थोडा पोकळ व्हायला लागलाय. आत्ता सांभाळलं तर हा डाग इथेच थांबू शकतो. नाही सांभाळलं तर खड्डा पडेल, मग मशीन लावून कोरावं लागेल. त्यांनी दाढेला फ्लोराइडचा लेप लावला आणि सांगितलं, "पण लेपानं एकट्यानं होत नाही. रोज रात्रीचं ब्रश चुकता कामा नये. रात्री लाळ कमी होते, तेव्हा तोंडात गोड राहिलं तर दातांचं जास्त नुकसान होतं."

मशीन लावून कोरावं लागेल, हे हरिणीनं ऐकलं आणि माझा पदर धरला. मी तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी ही दाढ कोरू द्यायची नाही.

"मी मारून मुटकून घासेन," मी म्हटलं.

"मारून मुटकून किती दिवस घासाल?" डॉक्टर म्हणाल्या. "तिला सवय लागायला हवी. रोज तीच वेळ, तोच क्रम. जेवण झालं, थोडा खेळ, मग ब्रश, मग गोष्ट आणि झोप. झोप डोळ्यांवर आल्यावर नका घासू, त्या वेळी कुठलंही मूल भांडणारच. तिनं आधी स्वतः घासायचं, मग तुम्ही मागच्या दाढा घासायच्या. सात-आठ वर्षांपर्यंत हात नीट वळत नाही त्यांचा. आणि घासलं की लगेच काहीतरी छोटंसं बक्षीस द्या. खाण्याचं नको हं. आणि विकतही आणू नका."

मग त्यांनीच तिला विचारलं, ब्रश का आवडत नाही? पोरगी म्हणाली, "पेस्ट खारा!" खारा म्हणजे कन्नडमध्ये तिखट. तोंडात झोंबतं म्हणे. आता हे तिनं मला आधी नको का सांगायला? मी विचारलं नव्हतं, हेही खरंच. डॉक्टरांनी मुलांची सौम्य पेस्ट लिहून दिली, पण पाकिटावर फ्लोराइड आहे ना हे बघून घ्या म्हणाल्या. वाटाण्याएवढी घ्यायची, घासून झाल्यावर थुंकायची, आणि खळाखळा चुळा भरून सगळी धुऊन टाकायची नाही.

घरी आल्यावर मी बक्षिसाचा विचार करत बसले. आमच्याकडे काय असणार? बटणं! दुकानात पत्र्याच्या डब्यात सुटी बटणं भरलेली असतात. शिंपल्याची, काचेची, शेरवानीची सोनेरी, कुठल्या फ्रॉकवरची लाल फुलाच्या आकाराची. हरिणीला त्या डब्याला हात लावायला मनाई होती, म्हणून तिचा सगळा जीव त्या डब्यात. मी कॉलरला घालतो त्या बकरमची एक लांब पट्टी कापली आणि तिला सांगितलं, "रोज रात्री दात घासले की डबा उघडायचा. एक बटण तू निवडायचं, मी लगेच इथे शिवणार. एक ओळ भरली की रविवारी अप्पाबरोबर कारंजी तळ्यावर मोर बघायला."

"कुठलंही बटण?"

"कुठलंही."

"सोनेरी पण?"

"सोनेरी पण, बाई."

त्या रात्री तिनं स्वतःहून तोंड उघडलं. मी मोबाइलवर दोन मिनिटांची वेळ लावली, तिनं घासलं, मग मी तिच्या मागे उभी राहून, तिचं डोकं माझ्या पोटाला टेकवून मागच्या दाढा घासल्या. मग तिनं सोनेरी बटण निवडलं आणि मी तिथल्या तिथे सुईनं शिवलं. मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की श्रीहर्ष घरी येताच त्याला सगळं दोनदा सांगितलं. तो बिचारा हात धुवायलाही गेला नव्हता.

पण माझ्या डोक्याला कुठे शांती आहे? एका रात्री तिनं नाटकं केली. लग्नसराई, ब्लाउजांचा ढीग, आणि ही न्हाणीघरात नाचते आहे, "बेडा, बेडा, आज बेडा." नको म्हणजे नको. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कात्री घेतली आणि पट्टीवरचं शेवटचं बटण कचकन कापून टाकलं.

हरिणी रडली नाही. पट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे कालचं होतं. काल मी घासले होते ना?"

"हो, पण आज..."

"मग कालचं का कापलंस?"

मागच्या खोलीतून मामंजी मला म्हणाले, "नागू, शिवून दिलेला कोट गिऱ्हाइकानं आज भांडण केलं म्हणून आपण उसवतो का?" दोघं एका बाजूला! मी बटण परत शिवलं. त्या रात्री ब्रश झालंच नाही, नवीन बटणही मिळालं नाही, बस. दुसऱ्या दिवशी काही न बोलता पुन्हा त्याच वेळी ब्रश हातात दिला, आणि तिनं घासलं. तेव्हापासून मिळालेलं बटण मिळालेलं, त्याला कात्री लावायची नाही, असा मी कानाला खडा लावला.

हळूहळू बसलं बस्तान. जेवण, मग थोडी पळापळ, मग मी मशीन बंद करायची, मशीन थांबलं की हिला कळायचं की ब्रशची वेळ झाली. मग बटण. मग मी पुन्हा मशीनवर आणि ती ताताकडे झोपायला. पहिली ओळ भरली, मोर बघून झाले, दुसरी ओळ सुरू झाली. मी तर शेजारच्या वनजाला सल्ले द्यायला लागले होते. तिची पोरं दात घासत नाहीत म्हणून तिला माझ्याकडून व्याख्यान. असा सगळा थाट.

आणि मग आम्ही ठरल्याप्रमाणे डॉक्टरांकडे गेलो. मी अगदी परीक्षेत पहिला नंबर येणार अशा ऐटीत. डॉक्टरांनी दाढ बघितली. सुकवून पुन्हा बघितली. हसणं थोडं कमी झालं.

"डाग थांबला नाहीये," त्या म्हणाल्या. "हिरड्या छान झाल्यात, म्हणजे घासणं होतंय. पण डाग थोडा पसरलाय. घासल्यावर ही काही खाते का?"

"छे! काही म्हणजे काही नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. "घासलं की फक्त पाणी."

खुर्चीतून हरिणी म्हणाली, "खात नाही मी. फक्त प्रसाद."

आता सांगते. आमच्या घरी रोज रात्री विठोबाची शेजारती होते. मामंजी देवाला दुधाचा नैवेद्य दाखवतात, त्यात साखर, वर खडीसाखरेचे खडे आणि बेदाणे. मग आरती, मग देवाला बोटभर पलंगावर निजवायचं. पलंगावर गादी, दुलई, सगळं मामंजींनी ब्लाउजांच्या उरलेल्या कापडांतून शिवलेलं. माझ्या लग्नाच्या आधीपासून हे एक दिवस चुकलेलं नाही. प्रसादाचं गोड दूध हरिणी प्यायची, आणि एक मोठा खडा गालात धरून ताताच्या मांडीवर झोपून जायची. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी मशीनवर बसून रोज ती आरती ऐकायची. पण ते खाणं आहे, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. प्रसाद म्हणजे खाणं कसं होईल? उपासालासुद्धा चालतो तो.

"डॉक्टर, तो प्रसाद आहे," मी म्हटलं.

"मला कळतंय हो," त्या मऊपणे म्हणाल्या. "पण दाताला कुठे कळतंय?"

त्यांनी पुन्हा लेप लावला आणि सांगितलं, प्रसाद बंद करा असं मी म्हणत नाही, फक्त ब्रश सगळ्यांत शेवटी हवा, आणि गालात खडा धरून झोपणं तर आजपासून नको. तीन महिन्यांनी बघू. तोवर थांबला नाही तर कोरावं लागेल. हरिणीचा चेहरा बघवेना. "मी तर रोज घासले," ती वाटेत सारखं म्हणत होती. "मी तर घासले ना, आई?" खरंच होतं तिचं. तिनं तिचं काम केलं होतं, आणि आम्ही मोठ्यांनी ते रोज रात्री पाण्यात घातलं होतं.

घरी येऊन मी ते मामंजींना सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडले. "तुमच्या खडीसाखरेनं पोरीची दाढ जाणार आहे," असं मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मामंजी बटणं लावत बसले होते. त्यांनी सुई टोचणीत खोचली, चष्मा काढला. मग म्हणाले, "माझ्या हातानं दिलं मी तिला?" एवढंच.

त्या रात्री त्यांनी देवाला नुसतं तुळशीपत्र दाखवलं. आरती इतकी हळू म्हटली, की मला बाहेर ऐकू येईना. प्रसाद नाही, मांडी नाही. हरिणीला म्हणाले, "तू आईजवळ झोप." पोरगी हिरमुसली. दुसऱ्या रात्री तिनं ब्रश फेकला. बटणाचा डबा पुढे केला तर म्हणाली, "नको मला बटण. ताता बोलत नाही माझ्याशी." आमचा सगळा डोलारा खाली आला. ती दाढ मला दिवसभर डोळ्यांपुढे दिसायची. दोन हुक उलटे लावले मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला, असं माझ्या हातून कधी होत नाही.

मग मीच गेले मामंजींकडे. माफी मागायला मला जड जातं, पण मागितली. "मामंजी, चूक तुमची एकट्याची नाही. मी रोज ऐकत होते. माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी प्रसाद बंद करा म्हटलेलंच नाही, ब्रश शेवटी हवा म्हटलंय. तुम्ही देवाला दूध दाखवा, ती रुसून बसली आहे."

"देवाला आधी जेवू घालून मग तिला ब्रश करायला लावू? आणि मग देव निजलेला, हिच्या पेस्टची थुंकाथुंकी चालू? बरं दिसेल ते?" ते म्हणाले. म्हाताऱ्याला शिस्त लागते!

पण त्या रात्री त्यांनी दूध ठेवलं. पाव वाटी, साखर न घातलेलं. खडीसाखर नाही, दोन बेदाणे. मी मशीन बंद करून तिथेच दारात बसले, हरिणी माझ्या मांडीवर. मामंजी त्यांच्या सवयीनं पुटपुटत होते. नैवेद्य दाखवला, पाणी सोडलं, मग पळीनं पुन्हा एकदा पाणी सोडत म्हणाले, "मुखप्रक्षालनं समर्पयामि."

"हे काय म्हणालास?" हरिणीनं विचारलं. रोज ऐकायची, पण त्या वेळी रोज तिचं लक्ष खड्याकडे असायचं.

"देवाचं तोंड धुवायचं. खाऊन झालं की हात धुवायचे, तोंड धुवायचं."

"झोपायच्या आधी?"

"आधीच. खरकट्या तोंडानं कोणी निजतं का?"

बोलून गेले, आणि पळी हातात तशीच राहिली. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी त्यांच्याकडे. इतकी वर्षं रोज रात्री त्या घरात एका दगडाच्या मूर्तीचं तोंड धुतलं जात होतं, आणि पोरीच्या तोंडात खडा ठेवून तिला निजवत होतो आम्ही. मला हसू आलं, आणि रडूही आलं. मामंजींना फक्त रडू आलं. "अगं, माझ्या जिभेवर होतं गं रोज," ते म्हणाले.

मग त्यांनीच क्रम लावून दिला. कोट कापायला बसल्यासारखा, नीट मापून. जेवण झालं की लगेच नैवेद्य आणि आरती. तिथेच प्रसाद घ्यायचा, बिनसाखरेचं दूध आणि बेदाणा. मग देवाचं मुखप्रक्षालन. मग हरिणीचं. मग मामंजी स्वतःची कवळी काढून ब्रशनं घासणार. आणि हे सगळं झाल्याशिवाय देवाला पलंगावर घालायचं नाही. दुलई घालायचा मान हरिणीचा, पण तोंड धुतलेलं असलं तरच. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, कोणालाच नाही.

काय सांगू, त्या देवानं जे काम केलं ते माझ्या ओरडण्यानं वर्षभरात झालं नव्हतं. जेवणाचं ताट उचललं की ती आरतीची घंटा घेऊन उभी. घासून झालं की माझ्यापुढे येऊन आ वासायची, "मागचे तू." मग धावत जाऊन देवाला निजवायचं. बटणं चालूच होती, पण डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी हळूहळू लांबवली. आधी रोज, मग दोन-तीन दिवसांनी एक, मग आठवड्याचं एक. आणि दर वेळी तोंडानं सांगायची, आज छान घासलेस, मागपर्यंत गेलीस. एका आठवड्यात ती बटण मागायलाच विसरली. मी आठवण केली नाही. मनातून मात्र धाकधूक होती, की आता बटणं संपली, कधी ना कधी हे सगळं पुन्हा कोसळणार.

आणि तसा प्रसंग आलाच. कृष्णराजनगरला माझ्या आतेबहिणीच्या मुलीचं, चंदनाचं लग्न. मामंजी आले नाहीत, देवाला एकटं कसं ठेवायचं म्हणून. श्रीहर्षला सुट्टी नाही. मी आणि हरिणी गेलो. लग्नघर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ओसरीवर, गच्चीवर, सगळीकडे गाद्या, पोरांचा धुडगूस, आणि चिरोट्यांची परात कोणाच्याही हाताला लागेल अशी मधोमध. त्यात जेवणं होतात न होतात तोच चंदना रडत आली. मुहूर्ताचा ब्लाउज अंगात जाईना. बाहेरून शिवून आणलेला, कुठल्या शहाण्यानं माप घेतलं होतं देव जाणे. मी दोन्ही बाजूंची शिवण उसवून, आत दाबलेलं कापड सोडून, हातानं टाके घालत बसले. त्यात वेळेचं भानच राहिलं नाही.

काम संपवून उठले, तर ओसरीवर पोरं ओळीनं झोपलेली. हरिणी मधेच, हात पसरून. ना ताता, ना देव, ना बटण, ना मी. आणि संध्याकाळी हिच्या हातात चिरोटा मी स्वतः बघितला होता. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. एका रात्रीनं काही आभाळ कोसळत नाही, हे मला कळत होतं, पण एकदा सुटलं की सुटतच जातं, हेही कळत होतं. मला स्वतःचाच इतका राग आला, की तिथेच तिच्या उशाशी बसून मी रडले.

नवऱ्या मुलीची आजी, भागीरथीबाई, तिथे पाय दाबत बसली होती. म्हणाली, "का गं रडतेस? दमलीस?"

"पोरगी तशीच झोपली हो दात न घासता."

"कोण, ही?" म्हातारी फणकारली. "अगं, हिनं मला जेवू दिलं नाही धड! माझा फोन मागून घेतला, म्हैसूरला ताताला लावला, आणि काय म्हणाली, 'ताता, देवाला अजून झोपवू नको, मी घासून येते.' तो फोन धरून बसला तिकडे, मी फोन धरून बसले इकडे, आणि ही नळावर. इतर पोरांनाही हाकलत नेलं. माझा पैसा गेला म्हणून मी बोलत नाही हो, पण असं मूल मी पाहिलं नाही."

मी हरिणीच्या तोंडाजवळ वाकले. खरंच पेस्टचा वास येत होता. मी तिच्या हनुवटीला नुसतं बोट लावलं. डोळे न उघडता, झोपेतच, तिनं आ वासला आणि पुटपुटली, "मागचे तू."

मी उठले, ब्रश आणला, आणि मोबाइलच्या उजेडात झोपलेल्या पोरीच्या मागच्या दाढा घासल्या. पेस्ट अगदी नावाला घेतली, कड रुमालानं पुसली.

डॉक्टरांकडे जाताना मामंजी आमच्याबरोबर आले. कधी दवाखान्याची पायरी चढत नाहीत ते. इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात उभे राहिले, बस म्हटलं तरी बसेनात. डॉक्टर सहानांनी दाढ सुकवली, दिवा जवळ घेतला, आणि इतका वेळ बघत राहिल्या, की मी मनात विठोबाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही.

"थांबलाय," त्या म्हणाल्या. "आधी खडूसारखा कोरडा होता ना? आता चमकतोय, टणक झालाय. कोरायची गरज नाही. असंच चालू ठेवा, दर सहा महिन्यांनी दाखवायला या."

मामंजी पुढे आले. हात जोडून त्या तरुण मुलीला म्हणाले, "अम्मा, मी दिलेलं निघालं का?"

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी आपला छोटा आरसा मामंजींच्या हातात दिला, दिवा फिरवून दिला आणि म्हणाल्या, "पुसटशी खूण राहील, अज्जा. पण दाढ पक्की आहे. तुम्हीच बघा."

मामंजींनी चष्मा नाकावर सरकवला आणि नातीच्या तोंडात डोकावले. सुईत दोरा ओवताना श्वास धरतात तसा धरला होता. हरिणी तोंड उघडं ठेवून शांत पडली होती, नुसती त्यांच्याकडे बघत. बराच वेळ बघितलं त्यांनी.

"केवढी मोठी आहे गं," ते म्हणाले. "मी गेल्यावरही राहील ही."

हरिणीनं आरसा बाजूला केला, तोंड मिटलं, आणि चेहऱ्यावर राग आणून म्हणाली, "तू कुठे जाणार आहेस? रात्री देवाला कोण झोपवणार?"